लिफ्टमध्ये किंवा सकाळच्या फेरीत अनोळखी माणसाशी बोलायचं का? आणि बोलायचं तर काय?

पारनेरकर
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत. आम्ही बाणेरला चौदा मजली इमारतीत राहतो. वडील गावाहून आले की लिफ्टमध्ये जो दिसेल त्याला 'राम राम' घालतात. समोरचा दचकतो, कानातलं काढतो, 'काय म्हणालात?' विचारतो. वडील पुन्हा 'राम राम' म्हणतात. तोवर त्याचा मजला येतो.

बायको म्हणते, शहरात ज्याला त्याला त्याच्यापुरतं राहू द्यावं. वडील म्हणतात, एवढ्याशा पेटीत दोन माणसं उभी राहतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत, बैलसुद्धा शेजारी बांधले तर हुंगून घेतात. गंमत म्हणजे याच इमारतीतली याच लिफ्टमधली माणसं सकाळी टेकडीवर भेटली की हात वर करतात. मग नियम नेमका काय आहे? आणि बोलायचंच तर तोंडातून काय काढायचं?

अवखळ
वडिलांना माझा राम राम सांगा. धागा पळणार. जागा धरून बसतोय.

सुधाकरपंत
अनोळखी माणसाला लिफ्ट मुळीच देऊ नये. पूर्वीचे दिवस वेगळे होते. माझ्या मेहुण्याने खंबाटकीच्या अलीकडे एकाला गाडीत घेतलं, तो साताऱ्यापर्यंत विमा विकत होता.

अवखळ
पंत, ती लिफ्ट नव्हे हो. वर-खाली जाते ती.

सुधाकरपंत
असं होय. मग बोलावं. गाडीतल्या लिफ्टबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

ग्लोबल_गण्या
आपल्याकडे मॅनर्सच नाहीत हो. परदेशात बघा, लिफ्टमध्ये शिरलं की प्रत्येक जण हसून हाय म्हणतो. आपले लोक मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभे. सिव्हिक सेन्स शून्य.

नेकारकाठी
परदेश म्हणजे नेमका कुठला? मी श्टुटगार्टला राहते. इथे ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरणारा 'मॉर्गन' पुटपुटतो आणि आतले सगळे पुटपुटतात. दुपारी जेवणाच्या सुमारास त्याची जागा 'मालत्साइट' घेतं. बाहेर पडतानाही 'चूस' किंवा 'दिवस छान जावो' अशा अर्थाचं काहीतरी म्हणावं लागतं, नाहीतर उद्धट समजतात. पण मधल्या वेळात? पूर्ण शांतता. हसणं वगैरे काही नाही, सगळे दाराकडे तोंड करून. आणि हेच लोक खाली रस्त्यावर आले की तुमच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. लंडनला बहिणीकडे जाते तेव्हा तिथल्या भुयारी रेल्वेत कुणाशी बोलले तर लोक मला वेडी समजतील. तेव्हा 'परदेशात सगळे' हे काही खरं नाही.

पण पारनेरकर, तुमच्या टेकडीच्या कोड्याला इथे जोड आहे. जर्मन माणूस शहरात अनोळखी माणसाला नमस्कार करत नाही, पण डोंगरातल्या पायवाटेवर न चुकता करतो. दक्षिणेकडे 'ग्र्युस गॉट' म्हणतात. आल्प्समध्ये तर एक हजार मीटरच्या वर गेलं की अहो-जाहो संपतं आणि अरे-तुरे सुरू होतं, असं गमतीने म्हणतात.

कानोसा
नेकारकाठी यांनी मुद्द्याला हात घातला. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली यावर लिहून ठेवलंय. रस्त्यात दोन अनोळखी माणसं समोरासमोर येतात तेव्हा एकमेकांकडे एकदा बघून घेतात आणि साधारण आठ फुटांवर नजर खाली घेतात. मोटारीने समोरून गाडी आली की दिवे मंद करावेत तसं, हे त्याचंच म्हणणं. म्हणजे 'तुला बघितलं, तुझ्यापासून मला धोका नाही, माझ्यापासून तुला नाही, चल पुढे'. न बोलणं हाही एक शिष्टाचारच आहे. गण्याशेठ म्हणतात तसं ते मॅनर्स नसणं नव्हे.

आता घोळ कुठे होतो बघा. हे तंत्र चालतं कारण रस्त्यावर दोघंही पुढे निघून जातात. लिफ्टमध्ये आठ फूटच नसतात आणि पुढे जायला वाटही नसते. नजर खाली घेतली तरी माणूस तिथेच उभा. म्हणून मग आपण मजल्याचे आकडे वाचतो. ते काही कुणाला इतके आवडत नाहीत.

ओव्हरस्पीड
मी लिफ्टच्याच धंद्यात आहे, उभारणी आणि देखभाल. कानोसांच्या आठ फुटांवर भर घालतो. सोसायटीत जी सहा माणसांची लिफ्ट असते तिच्यावर ४०८ किलो लिहिलेलं असतं, एका माणसाचे ६८ किलो धरून. तिचा आतला भाग साधारण ११०० मिमी रुंद आणि १००० मिमी खोल. म्हणजे जेमतेम सव्वातीन फूट खोली. चार माणसं शिरली की कुणालाही पूर्ण वळता येत नाही. तिथे 'दिवे मंद' करून काय होणार?

वेळही बघा. मजला तीन मीटरचा धरला आणि वेग सेकंदाला एक मीटर, तर दहा मजल्यांना तीस सेकंद. दारं उघडण्या-मिटण्याचे आणि वेग घेण्या-सोडण्याचे धरून चाळीसच्या आसपास. दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्याला पंधरा-सोळा सेकंद मिळतात. मी रोज वेगवेगळ्या इमारतींत वर-खाली करतो, त्यावरून सांगतो: पंधरा-सोळा सेकंदांचा प्रवास कुणाला जड जात नाही. चाळीस सेकंद गप्प उभं राहणं जड जातं. आणि कुणी विसाव्या मजल्यापर्यंत गप्पा सुरू केल्या तर त्या सव्वा मिनिटात मी मशीन रूममध्ये का नाही राहिलो असं वाटतं.

तेव्हा पारनेरकर, बोलायचं ते शिरताना. जो शिरतो त्याने बोलायचं, आत असलेल्याने नव्हे. आतला माणूस आधीच स्थिरावलेला असतो, त्याला पत्ता नसतो कोण येतंय. दार मिटायच्या आत एक शब्द झाला की पुढचे चाळीस सेकंद मोकळे. दार मिटल्यावर बोललात तर तो संवाद सुरू केल्यासारखा होतो आणि समोरच्याला तो संपवायची जबाबदारी येते. तुमच्या वडिलांचा राम राम बहुधा दार मिटल्यावर येत असणार.

पारनेरकर
अगदी! आधी ते आत येऊन पाठ टेकतात, पिशवी खाली ठेवतात, दार मिटतं, मग मान वळवून राम राम.

गुळांबा
मराठी माणसाचा लिफ्टमधला खरा नमस्कार एकच. 'कितवा?'

'पाच दाबा.'

'चला.'

एवढ्यात परिचय, सेवा आणि निरोप, तिन्ही उरकतं. राम राम कशाला हवाय?

अवखळ
गुळांबा +१. आमच्या ऑफिसच्या नव्या इमारतीत मात्र तो शब्दही गेला. मजला बाहेरच्या पॅनेलवर टाकायचा, ते सांगतं 'क' लिफ्टने जा. आत बटणंच नाहीत. माणसं नुसती उभी.

जुईली_व
'कितवा?' वर सगळे खूश आहेत म्हणून लिहिते. एकटी असताना अनोळखी पुरुषाने मजला विचारला तर मी सांगत नाही. हात लांब करून स्वतः दाबते, आणि गरज वाटली तर एक मजला पुढचा दाबून जिन्याने खाली येते. त्या माणसाचा हेतू वाईट असतो असं मुळीच नाही, बहुतेक वेळा तो चांगुलपणानेच विचारतो. पण मी कुठे राहते हे त्याला कळणं आणि मी कुठे राहते हे त्याला न कळणं यात मला निवड असली पाहिजे.

बाकी नमस्काराला माझी हरकत नाही. नमस्कार करून नजर दाराकडे वळवणारा माणूस मला गप्प उभा राहून बघणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

गुळांबा
हे डोक्यात आलंच नव्हतं. मग पुरुषाने काय करावं? पॅनेलपासून बाजूला व्हावं?

जुईली_व
हो. एक पाऊल मागे घेऊन पॅनेल मोकळं ठेवावं, एवढंच. त्यातून सगळं कळतं. आणि मी दारापाशी उभी असले तर मला ओलांडून हात घालण्यापेक्षा 'सातवा दाबता का?' म्हटलं तरी चालेल. तुमचा मजला मला कळला तर मला काही फरक पडत नाही.

सुधाकरपंत
आमच्या वेळी लिफ्टमन असायचा. स्टुलावर बसलेला, जाळीचं दार ओढणारा. तोच सगळ्यांना नमस्कार करायचा आणि तोच कितवा विचारायचा. त्याला कळलं की कुणाला भीती वाटत नसे.

शेवंतीचा_मळा
टेकडीचं कुणी बोलेना. मी हनुमान टेकडीवर रोज जाते, वेताळ टेकडीकडे निघते तेव्हा जास्त चालणं होतं. तिथली पद्धत सांगते, लिहिलेली नाही पण आहे.

उतरणारा आधी बोलतो. चढणाऱ्याला दम लागलेला असतो, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, मान हलवली तरी पुरे. पळणाऱ्याला फक्त तळवा दाखवायचा. कानात काही असेल तर तोंड उघडायचंच नाही, हात करायचा. आणि मागून येऊन कुणालाही, विशेषतः बाईला, अचानक 'गुड मॉर्निंग' म्हणायचं नाही. पायाचा आवाज होऊ द्यायचा, थोडं लांबूनच 'उजवीकडून येतोय हं' म्हणायचं आणि न थांबता पुढे जायचं. थंडीत साडेपाचला गडद अंधार असतो, तेव्हा तर आवाज लांबून द्यावाच. समोरच्याला कळतं की माणूस आहे, आणि कुठे आहे.

अंतराचं विचाराल तर सात-आठ मीटर बरं. दोघंही ताशी पाच किलोमीटरने चालत असलात तर मधलं अंतर सेकंदाला जवळपास तीन मीटरने कमी होतं. पंचवीस मीटरवर हसलात तर नऊ सेकंद ते हसू तसंच धरून चालावं लागतं, गाल दुखतात. अगदी शेजारी आल्यावर बोललात तर उत्तर द्यायला तो मागे वळतो. सात-आठ मीटरवर म्हटलं की त्याचं उत्तर येईपर्यंत तुम्ही बरोबर समोरासमोर असता.

कानोसा
शेवंतीताई, गॉफमनला हे हवं होतं.

शेवंतीचा_मळा
त्याला टेकडीवर पाठवा. सकाळी सहाला.

मैदानी_आजोबा
मी शिवाजी पार्कवाला. आमचा त्रास निराळा आहे. टेकडीवर माणूस एकदा भेटतो आणि जातो. आमच्या कट्ट्याची फेरी आहे साधारण १.२ किलोमीटरची. तुम्ही डावीकडून, तो उजवीकडून, दोघंही सारख्या चालीने, तर दर सात मिनिटांनी तोच माणूस समोर! पहिल्यांदा नमस्कार झाला. दुसऱ्यांदा मान हलवली. तिसऱ्यांदा काय करायचं? मी चपलेकडे बघतो. चौथ्यांदा तो आधीच झाडाकडे बघत असतो.

ओव्हरस्पीड
आजोबा, दिशा बदला. सगळे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने फिरा. तुम्ही पाचने आणि तो सहाने चालत असेल तर त्याला तुम्हाला पूर्ण फेरीने गाठायला तासाभराच्या वर लागेल. तोवर तुम्ही घरी चहा पीत असाल.

मैदानी_आजोबा
वा! पण मग माणसं भेटणारच नाहीत. मी फिरायला जातो कशाला?

अवखळ
हाहाहा. आजोबांनी धागा जिंकला.

रंकाळाकाठ
आमच्या कोल्हापुरात हा प्रश्नच नाही. रंकाळ्यावर समोरचा दिसला की 'काय भावा' किंवा 'काय पैलवान'. वय साठ, पोट पुढे, तरी पैलवान. तो 'निवांत' म्हणतो. झालं. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा एकाला सवयीने 'काय मालक' म्हटलं, त्याने थांबून विचारलं, 'आपली ओळख?' तेव्हापासून पुण्यात मी फक्त मान हलवतो.

खडकीचा_दगड
पुण्यावर घसरलात, आता धागा शंभरी गाठणार.

विदर्भी_सूर
शब्द कोणता हा प्रश्न पारनेरकरांनी विचारला होता, त्याकडे येतो. मी नागपूरचा. अंबाझरीला फिरायला जातो. तिथे एका फेरीत 'राम राम', 'जय भीम', 'जय श्रीकृष्ण', 'जय जिनेंद्र', 'सलाम', 'गुड मॉर्निंग' असं सगळं ऐकू येतं. माझी रीत अशी की समोरचा जे म्हणेल ते त्याला परत द्यायचं. आपण आधी बोलायचं असेल तर नमस्कार.

खडकीचा_दगड
एवढा विचार कशाला? राम राम हा काही धार्मिक शब्द नाही. खेड्यात सगळ्या जातीधर्माची माणसं एकमेकांना राम राम घालतात.

विदर्भी_सूर
खेड्यात कुणी कुणाला आधी घालायचा आणि कुणाचा घेतला जायचा नाही, हे माझ्या आजोबांनी सांगितलेलं मला आठवतं. त्यांनी 'जय भीम' म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. पारनेरकरांच्या वडिलांच्या राम रामात प्रेमच असणार, मला शंका नाही. मी लिफ्टमध्ये असतो तर आनंदाने राम राम म्हटलं असतं. पण 'सगळे एकमेकांना' हे जरा सावकाश म्हणा.

खडकीचा_दगड
मी आमच्या गावचं सांगतोय, तुम्ही तुमच्या. आमच्याकडे असं नव्हतं.

विदर्भी_सूर
तुमच्याकडे कुणाला विचारलंत यावर अवलंबून आहे. असो, इथे थांबतो, धागा लिफ्टचा आहे.

डबलसीट
मी बरेच दिवस पार्सल पोचवायचं काम केलंय, आता दुकान आहे. माझा अनुभव असा की नमस्काराचा प्रश्न या धाग्यावर बरोबरीच्या माणसांपुरताच चाललाय. पार्सलवाला, कामाच्या मावशी, वर्तमानपत्रवाला लिफ्टमध्ये असला की लोक त्याच्याशी 'बोलावं की नाही' असा विचार करत नाहीत, त्यांना तिथे कुणी दिसतच नाही. बऱ्याच इमारतींत तर आम्हाला सामानाच्या लिफ्टने जायला सांगतात, म्हणजे विषयच मिटला. एका सोसायटीत एक बाई होत्या, मोठी खोकी बघून दार धरून उभ्या राहायच्या आणि 'या, या' म्हणायच्या. नमस्कार वगैरे काही नाही. दार धरायच्या आणि 'या, या'. मला ते नमस्कारापेक्षा मोठं वाटायचं.

नेकारकाठी
हे फार नेमकं आहे.

ग्लोबल_गण्या
म्हणजे मी म्हणत होतो तेच, आपल्याकडे मॅनर्स नाहीत.

डबलसीट
नाही साहेब. 'आपल्याकडे' नाही. त्याच इमारतीत सातव्यावरच्या साहेबांना सगळे गुड मॉर्निंग म्हणायचे. मॅनर्स भरपूर होते.

दुर्गभ्रमर
टेकडीवर बोलतात आणि लिफ्टमध्ये नाही, याचं माझं उत्तर गर्दी. सिंहगडावर आडवारी पायवाटेने चढा. येणारा-जाणारा प्रत्येक जण बोलतो. 'जय शिवराय', 'किती राहिलं?', 'आलंच, दहा मिनिटं' (हे दहा मिनिटांचं अर्थातच खोटं असतं, आणि विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं). तीच वाट रविवारी सकाळी. माणसांची रांग. कुणी कुणाशी बोलत नाही, लक्ष्मी रोडवर असल्यासारखे सगळे वरती सरकत असतात. वाट तीच, बऱ्याचदा माणसंही तीच.

कानोसा
पटतं, पण अर्धं. लिफ्टमध्ये दोघंच असतात तेव्हा गर्दी कुठे असते? तरी गप्पच. मला वाटतं दोन गोष्टी लागतात. माणसं कमी हवीत आणि बोलून झाल्यावर निघून जाता आलं पाहिजे. पायवाटेवर दोन्ही आहे. रविवारच्या सिंहगडावर निघून जाता येतं पण माणसं फार. लिफ्टमध्ये माणसं कमी पण निघता येत नाही. म्हणूनच ओव्हरस्पीड म्हणतात ते 'दार मिटायच्या आत' चालत असावं, कारण तेव्हा वाट उघडी असते.

दुर्गभ्रमर
मग दवाखान्याच्या बाकावर लोक तासभर कसे बोलतात? तिथून तर कुणीच निघू शकत नाही.

कानोसा
तिथे विषय तयार असतो. पण हो, माझ्या नियमात ते बसत नाही. विचार करतो.

गुळांबा
दवाखान्यात 'तुमचा कितवा?' विचारता येतं ना! नंबर!

पारनेरकर
कालपासून वाचतोय, सगळ्यांचे आभार. वडिलांना ओव्हरस्पीड यांचं दाराचं गणित सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे बाहेरूनच घालू?' आज सकाळी दार उघडताच उंबऱ्यावरूनच राम राम झाला. आत तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई होत्या. त्यांनी 'नमस्कार काका' म्हटलं आणि पुढे तळमजल्यापर्यंत दोघंही गप्प. वडील बाहेर आल्यावर म्हणाले, बाई चांगली आहे, पण बोलत नाही.

जुईली यांचा मुद्दा बायकोला दाखवला. ती म्हणाली, हेच मी इतके दिवस सांगतेय. तेव्हा पॅनेलपासून मागे सरकायचं एवढं मी घेतलं.

शब्दाचं मात्र ठरलं नाही. वडील राम राम सोडणार नाहीत आणि मी त्यांना सोडा म्हणणार नाही. मी स्वतः नमस्कार म्हणेन. विदर्भी_सूर यांचं 'समोरचा म्हणेल ते परत द्यायचं' आवडलं, पण लिफ्टमध्ये बहुतेक लोक काहीच म्हणत नाहीत. मग परत काय देणार?

विदर्भी_सूर
तेच. गप्पच राहायचं, पण मान हलवून.

मैदानी_आजोबा
माझ्या तिसऱ्या फेरीचं कुणी सांगितलं नाही अजून. चपलेकडे किती दिवस बघू?

शेवंतीचा_मळा
आजोबा, तिसऱ्या फेरीला 'किती झाल्या?' विचारा. तो आकडा सांगेल. चौथ्याला तो तुम्हाला विचारेल. पाचवीला दोघांपैकी एक जण बसतोच.